दुभंगलेला ओठ आणि टाळू : पहिल्या दुधापासून तारांपर्यंत दातांचं काय?

मानेवाडा_मामा

बहिणीला मुलगा झाला, आज १२ दिवसांचा आहे. डाव्या बाजूला ओठ, हिरडी आणि टाळू तिन्ही दुभंगलेले. जन्मवजन २.८ किलो होतं, काल २.६५ भरलं. आईचं दूध काढून साध्या बाटलीने पाजतात. एकेका वेळी ५०-५५ मिनिटं लागतात, मग बाळ थकून झोपतं आणि तासाभरात पुन्हा रडतं. नाकातूनही दूध येतं. एका डॉक्टरांनी टाळूची प्लेट बसवा म्हटलं, दुसरे म्हणाले गरज नाही. कोणाचं ऐकायचं? आणि दातांच्या डॉक्टरांकडे नेमकं कधीपासून जायचं, दात आल्यावर?

कूलर_चालू

मामा, प्लेट लगेच करून घ्या. टाळूला भोक आहे म्हणून बाळाला ओढता येत नाही. भोक झाकलं की ते नॉर्मल बाळासारखं अंगावर पिऊ लागतं. सोपं गणित आहे.

दंतकथा

गणित अर्धं बरोबर आहे. बाळाला ओढता येत नाही हे खरं, पण प्लेट झाकते ती पुढची कडक टाळू. मागची मऊ टाळू उघडीच राहते आणि तिथूनच हवा नाकात निसटते. त्यामुळे प्लेट लावूनही ओढ तयार होत नाही. बाळाला निपल दाबायला एक छत मिळतं, एवढंच. काही बाळांना त्याने थोडं बरं पडतं, पण निव्वळ प्लेटमुळे वजन वाढतं असं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. दाबता येणाऱ्या मऊ बाटलीने पाजणं मात्र कडक बाटलीपेक्षा सोपं जातं, हे दिसलेलं आहे.

म्हणून आधी बाटली बदला. बाळ चोखेल तेव्हा त्याच्या लयीने बाटली हलकेच दाबायची, थांबलं की आपणही थांबायचं. ओढण्याचं काम आपल्या हाताने करायचं आणि गिळण्याचं बाळावर सोडायचं. एकमार्गी झडप असलेलं क्लेफ्टचं, म्हणजे दुभंगलेल्या टाळूसाठीचं निपल मिळालं तर आणखी बरं, त्यात बाळाने हिरडीने दाबलं तरी दूध पुढेच जातं, मागे फिरत नाही. निपल फटीत घुसू देऊ नका. टाळूची जी बाजू शाबूत आहे, म्हणजे तुमच्या बाळाची उजवी, तिकडे ठेवा. बाळाला आडवं धरू नका, डोकं आणि पाठ जवळपास बसल्यासारखी हवी. नाकातून थोडं दूध येणं चालतं. ठसका लागून ओठ निळसर झाले, श्वास लागला किंवा प्रत्येक वेळी घरघर ऐकू आली, तर पाजणं थांबवून लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आता तुमच्या बाळाचा हिशेब. पहिल्या आठवड्यानंतर साधारण किलोला १५० मिली रोज लागतं. २.६५ किलोला जवळपास ४०० मिली, म्हणजे आठ वेळा प्रत्येकी ५० मिली. हे ५० मिली २०-३० मिनिटांत पोटात गेलं पाहिजे. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर बाळ जेवढं कमावतं त्यातलं बरंच पिण्याच्या कष्टातच खर्च करतं. ५५ मिनिटं झाली म्हणजे बाळ नीट पितंय असं नाही, उलट ती धोक्याची खूण आहे. साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन परत यायला हवं आणि त्यानंतर रोज २०-३० ग्रॅम वाढ. १४व्या दिवशी २.८ च्या खालीच असेल तर फोरमवर विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दातांच्या डॉक्टरांकडे दात आल्यावर नाही, आत्ताच जा. कारण पुढे सांगतो.

रात्रपाळी

नवजात विभागात काम करते म्हणून दोन गोष्टी. मऊ बाटली आज रात्री मिळाली नाही तर घरातलं बोंडलं काढा, उकळून घ्या. पण घशात ओतायचं नाही. बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर टेकवून दूध ओठाला फक्त लागेल इतकंच तिरपं करा, बाळ जिभेने आत घेतं. घाईत आजी लोक ओततात आणि ठसका तिथेच लागतो. दर १०-१५ मिलीनंतर ढेकर काढा, ही बाळं हवा खूप गिळतात.

दुसरं, वजन एकाच काट्यावर, आठवड्यातून दोनदा, लंगोट काढून. आज एका दवाखान्यात आणि परवा मेडिकलच्या दुकानात केलं तर फरक काट्याचा की बाळाचा, कळत नाही. आणि काढून ठेवलेलं दूध बाहेर चार तास टिकतं हे २५ अंशांपर्यंतचं आहे. आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावलेली खोलीसुद्धा तेवढी थंड नसते. काढलं की लगेच पाजा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा.

संत्रानगरी७७

ऑपरेशन मोफत होतं, काळजी करू नका. कुठे होतं ते सांगा रे कोणीतरी यांना.

दंतकथा

त्यांनी ऑपरेशनचं विचारलेलं नाही, पण सांगून टाकतो. दुभंगलेला ओठ-टाळू हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे, ० ते १८ वयापर्यंत. आशाताई किंवा अंगणवाडीतून नाव लावा. स्माईल ट्रेनसारख्या संस्थांच्या मदतीनेही ओठ-टाळूची ऑपरेशनं मोफत होतात. पण तारा आणि हिरडीत हाड बसवणं त्यात धरलंय का, हे पहिल्याच भेटीत विचारा. लोक ते नऊ वर्षांनी विचारतात. दातांसाठी नागपुरात मेडिकलच्या परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रोडवर खासगी दंत महाविद्यालयं आहेत. अट एकच, शस्त्रक्रिया करणारे आणि दातवाले एकमेकांशी बोलणारे हवेत.

काटोलची_आई

आम्हाला सांगितलंय की ऑपरेशनआधी नाकाला आकार देणारी प्लेट दर आठवड्याला घासून द्यावी लागेल. काटोलहून दर आठवड्याला तान्ह्या बाळाला घेऊन यायचं? नाही केलं तर नाक वाकडंच राहणार का?

वाकडी_तार

ताई, दूध पाजायची प्लेट वेगळी आणि ही वेगळी. हिला नॅम म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांत सुरू करतात, कारण तेव्हा बाळाचं कूर्चेचं नाक आणि हिरडी लवचिक असते. टाळूचं माप घेऊन ॲक्रिलिकची प्लेट बनवतात, गालांना पट्ट्या लावून ती धरून ठेवतात. दर आठवड्याला प्लेटच्या आतून थोडं घासतात, थोडं भरतात, साधारण एकेक मिलिमीटर हिरडीचे दोन तुकडे जवळ येतात. फट ५ मिमीच्या आत आली की नाकपुडीत शिरणारा छोटा गोळा जोडतात. ओठाचं ऑपरेशन होईपर्यंत हे चालतं. ओठ सहसा तीन महिन्यांच्या पुढे शिवतात. जुना ठोकताळा म्हणजे १० आठवडे, साडेचार किलोच्या आसपास वजन आणि हिमोग्लोबिन १०.

माप कुठे घ्यायचं याला महत्त्व आहे. बाळ उपाशी आणि जागं हवं, रडत असलं तरी चालेल, कारण रडण्याचा आवाज म्हणजे श्वास चालू आहे. शेजारी ऑक्सिजन आणि सक्शन लागतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात खुर्चीवर पाठीवर झोपवून माप घ्यायला निघाले तर उठून या.

उन्हाळ्यातली अडचण वेगळी. घामाने पट्ट्या सुटतात, लोक त्या दिवसातून चारदा ओढून काढतात, गाल सोलवटतो. गालावर आधी जाड संरक्षक पट्टी लावायची, ती काही दिवस तिथेच ठेवायची आणि रोजची पट्टी तिच्यावर चिकटवायची. काढताना कोमट पाण्याने भिजवा. प्लेट रोज काढून धुवा. हिरडीवर लाल ठिपका किंवा पांढरा व्रण दिसला तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता फोन करा, प्लेटची कड बोचतेय.

दंतकथा

तारभाऊंशी माझा थोडा मतभेद. नॅमने ऑपरेशनच्या वेळी नाक चांगलं दिसतं, पण पाच-दहा वर्षांनी फरक किती उरतो याबद्दल एकमत नाही. काटोलहून आठवड्याला येणं झेपत नसेल तर केवळ ओठावर ओढून पट्टी लावणं हाही एक पर्याय आहे, आणि काहीच न करता चांगल्या हाताने ओठ शिवला तरी मूल वाया जात नाही. अर्धवट नॅम मात्र नको. महिनाभर येऊन सोडलं की प्लेट सैल होते आणि बाळाला निव्वळ त्रास.

वाकडी_तार

फट १२ मिमीची असेल तर मी तरी नॅमचाच आग्रह धरेन. चार मिमीला नाही. बाकी तुमचं मान्य.

कूलर_चालू

दुधाचे दात तर पडणारच. मग एवढ्या लवकर दंतवैद्य कशाला? दहाव्या वर्षी तारा लावल्या की सगळं सरळ.

दंतकथा

हाच गैरसमज सगळ्यात महाग पडतो. फटीच्या दोन्ही कडांना हाड पातळ असतं. ते हाड तिथे टिकतं ते दातांमुळे. दात काढला की तिथलं हाड विरघळतं. आणि साधारण ८ ते ११ वयात त्याच फटीत कंबरेच्या हाडातून घेतलेला भुगा भरायचा असतो. तेव्हा दोन्ही बाजूंना धड हाड, धड दात आणि निरोगी हिरडी लागते. म्हणून पहिल्या दुधाच्या दातापासून त्या जागेची राखण करायची.

अडचण अशी की नेमका तोच भाग घासला जात नाही. ओठ शिवल्यावर व्रण घट्ट असतो, ओठ आणि हिरडीमधली जागा उथळ होते, ब्रश आत जात नाही. दात आडवे-तिडवे, काही टाळूच्या बाजूने उगवलेले. आणि आईवडिलांना वाटतं इथे हात लावला तर टाके उसवतील. ऑपरेशननंतर तुमचे सर्जन सांगतील तितके दिवस थांबा, त्यानंतर घासलंच पाहिजे. दोघांनी समोरासमोर बसा, गुडघ्याला गुडघा लावून. लेकराचे पाय आईकडे, डोकं बाबांच्या मांडीवर. बाबांनी एका बोटाने वरचा ओठ उचलायचा आणि दुसऱ्या हाताने घासायचं. एकाच झुपक्याचा छोटा ब्रश मिळतो, तो फटीलगतच्या दातांना मागून-पुढून फिरवा. तीन वर्षांपर्यंत १००० पीपीएमची फ्लोराइड पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात फ्लोराइड वार्निश लावून घ्या.

दुसरी गोष्ट खाण्याची. टाळू साधारण ९ ते १२ महिन्यांत, काही ठिकाणी दीड वर्षापर्यंत शिवतात. त्यानंतर काही आठवडे मऊ खायला सांगतात. घरोघरी ते मऊ म्हणजे दुधात कुस्करलेलं बिस्किट. पथ्य संपतं, बिस्किट चार वर्षं चालू राहतं. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसू लागली की कीड सुरू झाली समजा. त्या टप्प्यावर वार्निशने थांबवता येते, तपकिरी खड्डा पडल्यावर नाही. मऊ भात-वरण, खिमट, उपमा द्या. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही, सिरपसुद्धा घासण्याआधी.

पुसदकर

डॉक्टर, आमच्या यवतमाळकडे बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त. मग पेस्ट नको ना?

दंतकथा

पेस्ट थुंकता येत नसली तरी दाण्याएवढी चालते, तेवढ्याने काही होत नाही. फ्लोराइडच्या गोळ्या मात्र घेऊ नका, आणि पिण्याचं पाणी तपासून घ्या. तुमच्याकडे ओळखायची एक खूण सांगतो. पाण्यामुळे डाग पडले तर ते दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात. फक्त फटीकडच्या एकाच पटाशीच्या दातावर खड्डा किंवा पिवळा डाग असेल तर तो दात मुळात कच्चा बनलाय. त्यावर कीड लवकर बसते, तो लवकर झाकून घ्या.

उमरेडकर

भाची साडेसात वर्षांची, डावीकडचीच फट, ओठ-टाळू दोन्ही शिवून झालेत. पक्का पटाशीचा दात आलाय पण पार आडवा फिरलेला, त्याच्या शेजारी एक बारीक जास्तीचा दात आहे. वरचे दात खालच्यांच्या आत बसतात. इथल्या दंतवैद्यांनी सांगितलं, दोन्ही वाकडे दात काढून टाकू आणि क्लिप लावून बाकीचे सरळ करू. करायचं का? पोट्टीला शाळेत चिडवतात बाप्पा, म्हणून घाई आहे.

वाकडी_तार

दादा, थांबवा. काही काढू नका, काही सरळही करू नका, आधी फोटो पाहू. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र मोठा एक्स-रे, आणि फटीचा वरून घेतलेला छोटा एक्स-रे काढा, नंतर गरज पडली तर त्या भागाचा सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी स्कॅन. त्यात तीन गोष्टी पाहायच्या : सुळा कुठे आहे आणि त्याची मुळी किती बनलीय, सुळ्याच्या आधीचा दुसरा पटाशीचा दात आहे की नाही, आणि फिरलेल्या दाताच्या मुळीला फटीच्या बाजूने हाड किती आहे.

आडवा दात का सरळ करायचा नाही ते सांगतो. तो उगीच फिरलेला नसतो, जिकडे हाड आहे तिकडे मुळी ठेवून तो बसलेला असतो. तार लावून दिसायला सरळ केला की मुळी फटीत, हाडाबाहेर जाते. वर्षभर फोटोत छान दिसतो, मग हिरडी खाली सरते, दात हलायला लागतो. सात वर्षांच्या मुलीचा पक्का दात गेला तर पूर्ण वाढ होईपर्यंत तिथे इम्प्लांटही बसवता येत नाही. फारच चिडवत असतील तर हाड भरण्याआधी मुळी न हलवता थोडीफार रचना करता येते, पण ती क्लेफ्टची सवय असलेल्यानेच करावी.

क्रम असा असतो. वरचा जबडा आत मिटलाय, विशेषतः फटीकडचा छोटा तुकडा. तो आधी रुंद करायचा. टाळूत क्वाड हेलिक्स नावाची चार वळ्यांची तार बसते, महिन्या-दीड महिन्याला ती सैल करून पुन्हा ताणतात. चार-सहा महिने लागतात. इथे एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर घाबराल : रुंद करताना टाळूच्या पुढच्या भागातलं जुनं बारीक भोक मोठं दिसू लागतं, पाणी नाकातून येतं. ते नवीन पडलेलं नाही, मिटलेल्या तुकड्यांनी झाकलेलं होतं. हाड भरताना ते बंद करतात.

रुंद झालं की तार काढून मोकळं सोडायचं नाही. महिन्याभरात पुन्हा मिटतं. टाळूतली आडवी तार हाड भरेपर्यंत आणि नंतर काही महिने ठेवतात. जास्तीचा बारीक दात हाड भरायच्या निदान ६-८ आठवडे आधी काढायचा, म्हणजे हिरडी भरून शस्त्रक्रियेला झाकण मिळतं. त्याहून वर्षभर आधी काढला तर दंतकथांनी सांगितलं तसं हाड जातं.

हाड कधी भरायचं? वयावर नाही, सुळ्याच्या मुळीवर ठरतं. मुळी अर्धी ते दोन तृतीयांश बनली असताना. सुळा त्या नव्या हाडातून खाली उतरतो आणि त्यामुळेच ते हाड जिवंत राहतं. सुळा आधीच उगवून गेला तर यश कमी होतं. दुसरा पटाशीचा दात चांगल्या आकाराचा असेल तर त्याला वाचवायला थोडं लवकरही करतात.

उमरेडकर

ओपीजी काढला. डॉक्टर म्हणाले दुसरा पटाशीचा दात नाहीच. सुळा वर आहे, मुळी जेमतेम एक तृतीयांश. आता?

वाकडी_तार

म्हणजे घाई नाही, वेळ आहे. आता रुंद करायला सुरुवात, सहा-आठ महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. दरम्यान दोन्ही बाजूंच्या सगळ्या किडलेल्या दातांची भरणी आणि हिरड्या साफ. तोंडात कीड आणि घाण असताना हाड भरलं तर जखम उसवते आणि भुगा बाहेर पडतो. अपयशाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. लक्षण : आठवड्या-दोन आठवड्यांत वास, हिरडीच्या टाक्यातून कणीसारखे तुकडे. तसं झालं तर त्याच दिवशी दाखवा, सगळं जातंच असं नाही.

सहा महिन्यांनी एक्स-रेवर हाडाची उंची बघतात. सुळा सहसा आपोआप येतो, काहींत हिरडी उघडून ओढावा लागतो. नसलेल्या दाताच्या जागी सुळाच पुढे आणून घासून आकार द्यायचा की जागा राखून मोठेपणी दात बसवायचा, हे बारा-तेराव्या वर्षी पूर्ण तारा लावताना ठरवतात. मी तरी सुळा पुढे आणायच्या बाजूचा, नवं हाड वापरात राहतं.

जरीपटका_बाबा

मुलगा १४चा. हाड वगैरे झालंय, पण वरचा जबडा मागे, खालचा पुढे. एक डॉक्टर म्हणतात तारा लावून आत्ताच जुळवू, एक म्हणतात १८ पर्यंत थांबा.

वाकडी_तार

फरक किती मिलिमीटरचा आहे आणि उंची अजून वाढतेय का, यावर आहे. चेहऱ्यावर लावून जबडा पुढे ओढायचा मास्क ७-९ व्या वर्षी, दिवसाला १२-१४ तास घातला तर थोडं मिळतं. १४ला त्याचा काळ गेला. दातच वाकवून जुळवलं आणि मग खालचा जबडा अजून वाढला तर पुन्हा उलटं होतं. पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागली तर वाकवलेले दात आधी मागे न्यावे लागतात.

दंतकथा

पण चार वर्षं मुलाला काहीच न देणंही पटत नाही. समोरचे दोन दात ओळीत आणण्यापुरत्या हलक्या तारा, बाकी जबड्याला हात नाही, असं काही जण करतात. काही ऑर्थोडॉन्टिस्टना तेही चालत नाही.

वाकडी_तार

मला चालतं, पण लेखी करार करून की हे अंतिम नाही. आणि सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने बाजूने घेतलेला डोक्याचा एक्स-रे. दोन एक्स-रे एकावर एक ठेवल्याशिवाय वाढ थांबली की नाही, तोंड पाहून सांगता येत नाही.

जरीपटका_बाबा

पहिला एक्स-रे दोन वर्षांपूर्वीचा आहे, वेगळ्या सेंटरचा. तो चालेल का?

वाकडी_तार

फिल्मवर मोजपट्टी छापलेली असेल तर अंदाजापुरता चालेल. नसेल तर नवा काढा आणि तिथून मोजायला सुरुवात करा.